गल्लीतला भटक्या: उत्तर १०० हवं, माझ्याकडे ११० का येतंय?

गणोबा

नमस्कार मंडळी. एम-थ्री सुटला त्या दिवशी गणिताशी असलेला माझा संबंध संपला होता, तो पुतणीने पुन्हा जोडलाय. तिच्या अभ्यासात रँडम वॉकचं एक गणित आलं. गोष्ट अशी:

एका सरळ गल्लीत ओळीने ११ दिव्याचे खांब आहेत, ० ते १०. शून्याच्या मागे भिंत. एक माणूस शून्यापासून निघतो. प्रत्येक खांबाशी नाणं उडवतो, छापा आला तर पुढच्या खांबाकडे, काटा आला तर मागच्या. शून्यावर मागे जायला जागाच नाही, तिथून तो १ वरच जातो. एका खांबापासून शेजारच्या खांबापर्यंत गेला की एक फेर मोजायचा. दहाव्या खांबाला पहिल्यांदा हात लावेपर्यंत सरासरी किती फेर?

पुस्तकात मागे उत्तर दिलंय १००. पुतणी म्हणाली, "काका, तू कोड लिहितोस ना, तपासून दे." दिलं लिहून:

```python
import random

def bhatak(n):
    x = t = 0
    while x < n:
        x = max(0, x + random.choice([-1, 1]))
        t += 1
    return t

N = 100000
print(sum(bhatak(10) for _ in range(N)) / N)
```

उत्तर ११० च्या आसपास येतंय. तीनदा चालवलं, तिन्हीदा तेच. पुस्तक चुकलं की मी? पुतणीसमोर इज्जतीचा प्रश्न आहे.

सदुभाऊ

माणूस गल्लीत नाणं उडवत फिरतोय म्हणजे तो कुठून निघालाय ते सांगायला नको. दहाव्या खांबाशी घर असेल तर घरचे दार उघडतील का, हा खरा प्रश्न.

बाजारबुणगे

रँडम वॉक शेअर बाजारात चालत नाही, हे स्वानुभवाने सांगतो. माझे शेअर फक्त काट्यावरच पडतात.

अर्धवटराव

गणोबा, घाबरू नका. अशा भटकंतीत n अंतर कापायला साधारण n वर्ग फेर लागतात, हा ठोकताळा आहे. १० चा वर्ग १००. तुमचं ११० म्हणजे 'साधारण १००'च झालं. नाणं आहे शेवटी, थोडं इकडेतिकडे होणारच. दहा लाख वेळा चालवा, १०० वर येईल.

गणोबा

चालवलं. ११०.०२. :(

प्रमिला_सांगली

अर्धवटराव, n वर्ग हे बरोबर, पण इथे तो ठोकताळा नाही, अगदी तंतोतंत १०० आहे. आणि 'थोडं इकडेतिकडे' म्हणजे किती, तेही मोजता येतं. एकेका भटकंतीचे आकडे खूप पसरलेले असतात हे खरं. सरासरी १०० असली तरी प्रमाण विचलन ८१ च्या घरात आहे. पण गणोबांनी एक लाख भटकंत्यांची सरासरी घेतली. लाखाचं वर्गमूळ सुमारे ३१६, म्हणजे त्या सरासरीत पाव-एक फेराची हलचल चालेल. दहाची नाही. तेव्हा इथे नशिबाचा दोष नाही, कोडमध्येच कुठेतरी वेगळी गल्ली बांधली गेली आहे.

कुठली, ते गणोबांनीच शोधावं. n = 1 घालून चालवा. दोनच खांब, ० आणि १. काय यायला हवं?

गणोबा

ताई, दोन खांब असतील तर शून्यावरून थेट १. म्हणजे नेहमी १ च यायला हवं.

चालवलं. २ येतंय!! कधी १, कधी ३, एकदा तर ७ आलं.

अरे देवा. शून्यावर काटा आला की माझा माणूस जागेवरच उभा राहतो आणि फेर मात्र मोजला जातो. `max(0, -1)` म्हणजे शून्यच.

प्रमिला_सांगली

बरोब्बर. गणितातला माणूस भिंतीशी आला की वळतो. तुमचा भिंतीवर डोकं आपटतो, आणि आपटलेलंही आपण मोजतो. ग्राफच्या भाषेत तुम्ही शून्याच्या शिरोबिंदूवर एक स्वतःकडेच परतणारी कडा लावलीत.

`max(0, ...)` च्या जागी `abs(...)` लिहा. -१ चं +१ होईल आणि उत्तर १०० येईल.

गणोबा

९९.८७. ताई, दंडवत. एवढ्याशा बदलाने!

निशाचर

प्रमिलाताई, तो abs मला फार आवडला. म्हणजे भिंत काढून टाकून दोन्हीकडे -१० ते १० अशी गल्ली पसरली, माणसाला मधोमध सोडलं आणि कुठल्याही टोकाला पोहोचला की थांबवलं, तरी उत्तर तेच. कागद भिंतीच्या रेषेवर दुमडल्यासारखं.

अर्धवटराव

मान्य, चुकलो. पण १०० तंतोतंत कसं? आणि चुकलेल्या कोडचं ११० तंतोतंत आहे की तेही 'साधारण'?

प्रमिला_सांगली

दोन्ही तंतोतंत. लिहिते, चहा घेऊन बसा.

शून्यापासून दहापर्यंतचा वेळ एकदम काढायला गेलात तर अकरा खांबांची समीकरणं मांडावी लागतात. मुलं इथेच दमतात. त्यापेक्षा तुकडे करा. दहाला पोहोचायचं तर आधी १ ला, मग २ ला, मग ३ ला पहिल्यांदा पोहोचावंच लागतं, गल्लीत दुसरी वाट नाही. तेव्हा k पासून k+1 ला पहिल्यांदा पोहोचायला सरासरी किती फेर लागतात तेवढं काढू. त्याला d(k) म्हणू.

d(0) = 1. भिंतीपासून पुढेच जायचं आहे.

आता माणूस खांब k शी उभा आहे. एक फेर तर झालाच. निम्म्या वेळा तो k+1 ला पोहोचला, काम झालं. निम्म्या वेळा तो k-1 ला गेला. आता त्याला आधी k पर्यंत परत यायचंय, त्याला सरासरी d(k-1) फेर. आणि k ला परत आल्यावर तो पुन्हा मूळ जागीच आहे, पुन्हा d(k). म्हणून

d(k) = 1 + ½·( d(k-1) + d(k) )

दोन्ही बाजू दुप्पट करून उजवीकडचा d(k) डावीकडे घेतला की d(k) = d(k-1) + 2. संपलं. १, ३, ५, ७... प्रत्येक पुढचा खांब आधीच्यापेक्षा दोन फेर महाग. दहा खांबांसाठी १+३+५+...+१९, आणि पहिल्या n विषम संख्यांची बेरीज n चा वर्ग. म्हणून १००.

गणोबांच्या कोडमध्ये नियम तोच, फक्त सुरुवात वेगळी. शून्यावरून निम्म्या वेळा हलतच नाही, म्हणून d(0) = 2. मग २, ४, ६, ... २०. बेरीज ११०.

सदुभाऊ

शाळेत विषम संख्यांची बेरीज शिकवताना असं सांगितलं असतं तर आज मी हे विनोद करत नसतो.

मृद्गंध

वाचतेय. एक भाबडा प्रश्न. माणूस पाचव्या खांबापर्यंत पोहोचला असेल तर निम्मं काम झालं ना? उरले ५० फेर?

अर्धवटराव

नाही हो, आता मला कळलंय. वर्गाचा नियम. पाच खांब उरले म्हणजे पाचाचा वर्ग, २५.

प्रमिला_सांगली

अर्धवटराव, परत अर्ध्यातच! उरले ७५. वरची यादी बघा: पहिल्या पाच खांबांचे १+३+५+७+९ = २५ खर्च झाले, उरलेल्यांचे ११+१३+१५+१७+१९ = ७५.

पाचाचा वर्ग तेव्हा, जेव्हा पाचव्या खांबाशी भिंत असेल. ती नाही. माणूस घसरत घसरत पार शून्यापर्यंत जाऊ शकतो, मागची सगळी गल्ली त्याला मोकळी आहे. मागे जितकी मोकळी जागा जास्त, तितकं पुढचं एक पाऊल महाग.

मृद्गंध

म्हणजे अर्धं अंतर झालं आणि पाऊण वेळ अजून बाकी. आमच्या घराच्या रंगकामाचं हेच झालंय.

निशाचर

विषय निघालाच आहे तर एक गंमत. ० पासून १ ला जायला १ फेर. पण १ पासून ० ला परत यायला? शेजारचाच खांब. समजा दहाव्या खांबापाशीही भिंत आहे आणि माणूस तिथूनही वळतो. सांगा किती.

अर्धवटराव

मी आता काहीही बोलणार नाही.

गणोबा

कोडने सांगतो, १९ च्या आसपास! शेजारच्या खांबावरून परत यायला १९ फेर?

निशाचर

हो. १० कडून बघितलं तर ते ताईंच्या यादीतलं शेवटचं, सगळ्यात महाग पाऊल आहे. जाताना १, येताना १९, एकूण २०, आणि गल्लीत दोन खांबांमधले तुकडे दहा. शेजारच्या कुठल्याही दोन खांबांची ये-जा केलीत तरी २० च येईल. ४ ते ५ मध्ये ९, ५ ते ४ मध्ये ११. अंतर एकच असून जाण्यायेण्याचा वेळ सारखा नसतो, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी रात्रभर कागद खरडत होतो. (आयडीला जागलो.)

बाजारबुणगे

अवांतर: हा 'रँडम वॉक' शब्द आला कुठून? दारुड्याचं उदाहरण सगळीकडे दिसतं.

निशाचर

कार्ल पिअर्सनने १९०५ साली 'नेचर'मध्ये एक छोटंसं पत्र लिहून प्रश्न विचारला होता, माणूस दर वेळी वाटेल त्या दिशेने वळून ठरावीक अंतर चालला तर शेवटी किती लांब असेल. लॉर्ड रॅलेने उत्तर कळवलं, की हे मी ध्वनीलहरींच्या संदर्भात आधीच सोडवलंय. त्यावर पिअर्सनने जे लिहिलं त्यात दारुड्या आला: मोकळ्या माळावर तो सापडण्याची सगळ्यात जास्त शक्यता निघाला त्याच जागेच्या आसपास.

सदुभाऊ

म्हणजे मी पहिल्याच दिवशी विषयाला धरून बोलत होतो.

ऊसवाला

धागा उशिरा बघितला. माझा प्रश्न कदाचित वेगळा आहे, चालत नसेल तर सांगा.

आमच्या उसात पाटाच्या कडेने ओळीने २१ डबे लावलेत, जमिनीची ओल मोजणारे. एका टोकाला विहिरीची खोली, तिथला डबा विजेवर चालतो आणि फोनवर आकडे पाठवतो. बाकी २० बॅटरीवर. प्रत्येक डब्याचा आवाज फक्त शेजारच्या डब्यापर्यंत जातो. ज्या पोराने बसवून दिलं त्याने सोपं व्हावं म्हणून असं केलं, की निरोप आला की डबा तो दोनपैकी कुठल्याही शेजाऱ्याकडे ढकलतो. कधी ना कधी विहिरीवर पोहोचतोच. तो पोरगा आता फोन उचलत नाही.

आकडे येतात, पण बॅटऱ्या भराभर जातात. हे तुमच्या माणसासारखंच झालं का?

प्रमिला_सांगली

ऊसवाले, हुबेहूब तेच. अगदी टोकाच्या डब्याचा निरोप विहिरीपर्यंत यायला सरासरी २० चा वर्ग, म्हणजे ४०० वेळा ढकलला जातो. सरळ आला असता तर वीस. बॅटरी कुठे जाते ते कळलं असेल.

अर्धवटराव

ह्यातलं मला कामामुळे माहीत आहे, तेव्हा आता बोलतो. विहिरीजवळच्या डब्यांच्या बॅटऱ्या आधी संपत असतील. सगळ्यांचे निरोप शेवटी त्यांच्याकडूनच जातात. तिथे मोठ्या बॅटऱ्या लावा.

ऊसवाला

तसं नाही झालं राव. विहिरीजवळचे अजून धडधाकट आहेत. लांबच्या टोकाकडचे गेले. म्हणजे अगदी टोकाचा टिकला, पण त्याच्या अलीकडचा पहिला गेला, मग त्याच्या अलीकडचा. मला वाटलं तिकडे पाणी तुंबतं, ओल शिरली असेल. दोन डबे उघडून बघितले, आत कोरडे ठाक.

निशाचर

हे भारी आहे. ताई, हे हिशोबात बसतं का?

प्रमिला_सांगली

बसतं, आणि इतकं चपखल की मीच चकित झाले. अर्धवटराव म्हणतात ते निरोप सरळ वाटेने जातात तेव्हाचं, आणि तिथे ते खरंच आहे. भटकंतीत उलटं होतं.

टोकाचा डबा शून्य धरा, विहीर २०. शून्यापासून निघालेला निरोप विहिरीला पोहोचेपर्यंत कुठल्या डब्यातून किती वेळा सुटतो? शून्यातून सरासरी २० वेळा. १ मधून ३८, २ मधून ३६, ३ मधून ३४, असं दोन-दोनने उतरत विहिरीशेजारच्या १९ मधून फक्त २ वेळा. बेरीज करून बघा: २० अधिक ३८+३६+...+२. म्हणजे २० अधिक ३८०, बरोबर ४००.

कारण असं. विहिरीजवळ आलेला निरोप थोड्याच टोल्यांत एकतर विहिरीत पडतो, खेळ संपतो, किंवा लांब निघून जातो. भिंतीकडे मात्र तो अडकल्यासारखा घुटमळतो. आणि अगदी टोकाच्या डब्याला एकच शेजारी, म्हणून त्याच्याकडे निरोप निम्माच येतो. म्हणून तो टिकला आणि त्याच्या अलीकडचा पहिला गेला. मधल्या डब्यांचे निरोप धरले तरी हा क्रम बदलत नाही.

ऊसवाला

ताई, अगदी असंच झालंय. १ नंबरचा आधी, मग २. मी उगाच डब्यांना सिलिकॉन चोपडत बसलो.

अर्धवटराव

मी माझी नोकरी सोडून देतो.

प्रमिला_सांगली

नको हो, तुमचं उत्तर नेहमी दुसऱ्या कुठल्यातरी प्रश्नाचं बरोबर असतं.

गणोबा

ऊसवाले, प्रत्येक डब्याला नंबर द्या आणि निरोप मोठ्या नंबरकडेच ढकल एवढं सांगा. ४०० चे २० होतील. कोड पाठवलात तर बघतो. (आता abs लावून.)

ऊसवाला

नंबर देता येतील. पण मधला एखादा डबा बंद पडला तर पुढे जाणारा निरोप तिथेच अडकतो. भटकंतीत तरी... नाही, तिथेही अडकेलच की. एकच ओळ आहे.

अजून एक. मध्ये आठव्या डब्यापासून शेजारच्या वाफ्यात तीन डब्यांचा फाटा काढायचा विचार आहे. विहिरीच्या वाटेवर तो नाहीच, मग टोकाच्या डब्याच्या निरोपाला त्याचा त्रास होणार नाही ना?

मृद्गंध

मी करून बघू? मागे जितकी मोकळी जागा जास्त तितकं पाऊल महाग, असं ताई म्हणाल्या. फाट्याचे तीन तुकडे आठच्या पुढच्या प्रत्येक पावलासाठी 'मागे'च आहेत. एक तुकडा वाढला की पाऊल दोन फेरांनी महाग. तीन तुकडे म्हणजे सहा. ८ पासून २० पर्यंत बारा पावलं. बारा सक बहात्तर. ४०० चे ४७२?

प्रमिला_सांगली

मृद्गंध, ४७२ च. निरोप फाट्यात शिरेल, टोकाशी आपटून परत येईल, पुन्हा शिरेल. घराचं रंगकाम संपलं की शिकवायला या.

निशाचर

पण सरासरीवर बॅटऱ्या घेऊ नका ऊसवाले. हा आकडा एका बाजूला लांब शेपटाचा आहे. निम्म्याहून जास्त निरोप ४०० च्या बरेच आधी पोहोचतात, ३०० च्या थोडं पुढे निम्मे झालेले असतात. आणि शंभरातले तीनेक १२०० नंतरही भटकत असतात.

प्रमिला_सांगली

निशाचर, बॅटरीला एकेका निरोपाचं शेपूट काय करायचंय? महिनाभरात हजारो निरोप जातात, खर्च सरासरीवरच ठरतो. शेपूट महत्त्वाचं ते आकडा किती शिळा होऊन पोहोचतो यासाठी.

निशाचर

ताई, हे पटलं नाही. लांब भटकणारा निरोप मागच्या निरोपांना आडवा येतो, दोन एकदम आले तर डबा एक टाकून देत असेल. मग आपला सगळा हिशोबच बदलतो. एकट्या माणसाची गल्ली राहत नाही ती.

ऊसवाला

डबा एका वेळी एकच निरोप धरतो. दुसरा आला तर काय करतो ते त्या पोरालाच माहीत. उद्या एका डब्यातला कोड काढता येतो का बघतो.

गणोबा

मूळ प्रश्नाबाबत: पुतणीला सगळं समजावून सांगितलं, १, ३, ५ सकट. तिने माझं जुनं कोड मागून घेतलं, दहा वेळा चालवून आकडे पाहिले आणि म्हणाली, "काका, ह्यात ८७ आणि १३१ आलेत. प्रत्येक फेराला खांबाचा नंबर समचा विषम, विषमचा सम होतो. शून्यापासून दहाला विषम फेरांत पोहोचताच येत नाही. हे बघूनच कळायला हवं होतं की कुणीतरी जागेवर उभं राहतंय."

सदुभाऊ

गणोबा, पुढच्या वेळी धागा पुतणीला काढू द्या.